टबातली सही
(अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



आज मी एकाच चित्रावर बोलणार आहे. बोलायचं कारण हा समोर बसलेला पोरगा. नाव सांगत नाही, लाजतो. परभणीकडचा आहे, बी. ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. गेल्या रविवारी मी भिंतीवर एका व्यंगचित्राची झेरॉक्स लावली. सगळे बघून हसले. हा नुसताच बघत राहिला. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, ह्यात हसण्यासारखं काय हाय? म्हातारा माणूस अंघोळ करतोय."

मला त्याचा राग आला नाही. उलट बरं वाटलं. कारण जे हसले होते त्यातल्या दोघातिघांना मी विचारलं, तुम्ही कशाला हसलात? एक म्हणाला, राष्ट्रपती उघडा आहे म्हणून. दुसरा म्हणाला, सगळे हसले म्हणून. म्हणजे कळलं कुणालाच नव्हतं. याने फक्त ते कबूल केलं.

तर आधी चित्रात काय आहे ते साधं सांगतो. 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये 10 डिसेंबर 1975 ला आलेलं हे चित्र. काढणारा अबू अब्राहम. अंघोळीच्या टबात राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद पडलेले आहेत. अंगावर कपडा नाही. अर्धवट उघड्या दारातून एक माणूस कागद घ्यायला आलाय, आणि सही केलेला कागद राष्ट्रपती त्याच्या हातात देताहेत. देता देता म्हणतात, आणखी वटहुकूम असतील तर त्यांना म्हणावं जरा थांबा. बास. एवढंच. रेषाही फार नाहीत. ज्याला 1975 माहीत नाही त्याला ही साबणाची जाहिरात वाटली तर त्याची चूक नाही.

उपरोध म्हणजे काय, तर बोलणारा जे बोलतो ते वेगळं आणि ऐकणाऱ्याने समजायचं ते वेगळं. आपल्या म्हाताऱ्या बाया यात फार पटाईत. पोरगा आठ वाजता उठला की आई म्हणते, "उठलास व्हय, पाटील?" हा उपरोध एकपदरी आहे. पोराला माहीत आहे आपण पाटील नाही, आईला माहीत आहे, शेजारणीलाही माहीत आहे. पण हीच हाक गावच्या खऱ्या पाटलाच्या ओट्यावरून आली तर तिचा अर्थ फिरतो. शब्द तेच, टोचायची जागा वेगळी. कोण बोलतंय, कुणाला, कधी, आणि ऐकणाऱ्याला आधीपासून काय ठाऊक आहे, एवढं कळल्याशिवाय उपरोध हाताला लागत नाही. अबूच्या चित्राचंही तेच. फक्त त्याला पदर जास्त आहेत, आणि प्रत्येक पदराखाली एकेक माहिती दडलेली आहे.

पहिली माहिती, वटहुकूम म्हणजे काय. संसद कायदा करते. पण संसद बसलेली नाही आणि काही तातडीचं उद्भवलं, तर घटनेच्या कलम 123 खाली राष्ट्रपती वटहुकूम काढू शकतो. त्याची ताकद कायद्याइतकीच. अट अशी, की तात्काळ काही करणं भाग आहे अशी राष्ट्रपतीची खात्री झाली पाहिजे. नंतर संसद बसली की तो दोन्ही सभागृहांपुढे ठेवायचा, आणि संसदेने मंजूर केला नाही तर बैठक सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत तो संपतो. मसुद्यात या कलमाचा नंबर 102 होता. 23 मे 1949 ला घटना समितीत त्याच्यावर वाद झाला, तेव्हा बाबासाहेबांनी कलमाची बाजू मांडली होती. त्यांचं म्हणणं असं, की विधिमंडळ बसलेलं नसताना एकाएकी असा प्रसंग येईल की चालू कायदा पुरा पडणार नाही, तेव्हा काय करायचं? म्हणजे हे कलम घर पेटलं तर दार फोडायला ठेवलेल्या कुऱ्हाडीसारखं. रोज सरपण फोडायला नाही.

आता दोन शब्द बाजूबाजूला ठेवा. 'तात्काळ' आणि 'अंघोळ'. घर पेटलंय म्हणून कुऱ्हाड काढायची, आणि कुऱ्हाड काढणारा टबात पडलाय. घाई इतकी की कागद न्हाणीघरात पोचला. आणि घाई इतकी खोटी की पुढच्या कागदाला "थांब" म्हणता येतं. घाई खरी असेल तर थांब कसं म्हणाल? आणि थांबता येत असेल तर वटहुकूम कशाला? संसद बोलवा की! एका वाक्यात चित्रकाराने कलम 123 च्या दोन्ही तंगड्या बांधल्या. मी इथपर्यंत आलो तेव्हा हा पोरगा पहिल्यांदा हसला.

हसू मोठं होतं ते पुढच्या पदराने. 'खात्री' हा शब्द मगाशी मी सांगितला. त्याच वर्षी, म्हणजे 1975 मध्ये, अडतिसावी घटनादुरुस्ती झाली. तिने असं करून टाकलं की वटहुकमासाठी राष्ट्रपतीची खात्री झाली म्हणजे झाली, ती अंतिम, तिच्याबद्दल कोर्टात विचारता येणार नाही. (पुढे 1978 च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने ते काढलं.) म्हणजे डिसेंबर 1975 मध्ये स्थिती अशी, की देशातला एकही न्यायाधीश राष्ट्रपतीला विचारू शकत नव्हता, बाबा, तुझी खात्री कशी झाली? कधी झाली? तू कागद वाचलास का? आणि चित्रकार काय करतो? तो कोर्टात जात नाही. तो सरळ खात्री होते त्या जागेचं दार किलकिलं करून दाखवतो. ही बघा खात्री. पाण्यात पडलीय.

इथे मी पोराला विचारलं, टबात वाचता येतं का? तो म्हणाला, "कागद भिजंल की." म्हटलं, बरोब्बर. भिजेल म्हणून वाचायचा नाही, सही तेवढी करायची. हे चित्रात कुठे लिहिलेलं नाही. पण जागा टब निवडली की ते आपोआप येतं. चांगल्या व्यंगचित्रात जागा उगाच नसते. हाच राष्ट्रपती टेबलाशी दाखवला असता आणि तेच वाक्य तोंडी दिलं असतं, तर नुसता कामाने दमलेला माणूस दिसला असता. कीव आली असती.

आता तारीख. नवशिक्या वाचकाची सगळ्यात मोठी चूक इथे होते, तो चित्र बघतो आणि तारीख बघत नाही. 10 डिसेंबर 1975. आणीबाणी 25 जूनच्या रात्री लागली. त्या रात्री याच राष्ट्रपतीने जाहीरनाम्यावर सही केली आणि केंद्राच्या मंत्रिमंडळाला ते दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या बैठकीत कळलं. सही आधी, मंत्रिमंडळ मागून. दिल्लीत वर्तमानपत्रांच्या छापखान्यांची वीज त्याच रात्री तोडली होती. त्यामुळे रात्री-अपरात्री सही करणारा राष्ट्रपती ही काही चित्रकाराची कल्पना नव्हती. लोकांना माहीत होतं. अबूने फक्त रात्रीच्या जागी अंघोळ घातली.

पण याहून जवळची तारीख आहे 8 डिसेंबर. चित्राच्या दोनच दिवस आधी. त्या दिवशी तीन वटहुकूम निघाले आणि तिन्ही वर्तमानपत्रांवर. एकाने प्रेस कौन्सिल मोडीत काढली. दुसऱ्याने 1956 चा तो कायदा रद्द केला, ज्याने संसदेत जे बोललं गेलं त्याचा खरा वृत्तांत छापायला संरक्षण होतं. तो कायदा संसदेत आणला होता फिरोज गांधींनी, म्हणजे पंतप्रधानांच्याच नवऱ्याने. नवऱ्याने आणला, बायकोच्या सरकारने वटहुकमाने मारला. याच्यावर वेगळं व्यंगचित्र काढायची गरजच नाही. आणि तिसरा वटहुकूम 'आक्षेपार्ह मजकूर' छापण्याला बंदी करणारा. त्यात आक्षेपार्ह कशाला म्हणायचं याची व्याख्या होती. त्यात शब्द होते, खुणा होत्या, आणि डोळ्यांना दिसणारी चित्रं पण होती. राष्ट्रपतीची, पंतप्रधानाची बदनामी करणारं काहीही त्यात बसत होतं.

कळलं का? राष्ट्रपतीची बदनामी करणारं चित्र छापू नये अशा हुकमावर राष्ट्रपतीची सही झाली 8 तारखेला. आणि 10 तारखेला राष्ट्रपती सही कशी करतो याचंच चित्र छापून आलं. टबातून बाहेर जाणारा तो कागद कोणता हे चित्रात लिहिलेलं नाही. तो कुठलाही असू शकतो. पण त्या आठवड्यात पेपर उघडणाऱ्या माणसाच्या डोक्यात कोणता कागद आला असेल? ज्या पानावर चित्र छापलंय त्या पानाचा गळा दाबणारा कागद त्या चित्राच्या आत आहे, असं त्याला वाटलं नसेल का? मी हे सांगताना थांबलो. पोरगा म्हणाला, "म्हंजे पेपरनं सोत्ताच्याच फाशीचं चित्र छापलं." मी इतकं चांगलं बोलू शकलो नसतो.

सेन्सॉरशिप असताना हे छापून कसं आलं, असं सगळेच विचारतात. मी दोन गोष्टी सांगतो, निष्कर्ष तुमचा. अबू त्या वेळी राज्यसभेचा राष्ट्रपतीनियुक्त सभासद होता, 1972 ते 1978. हो, राष्ट्रपतीनियुक्त. त्याच राष्ट्रपतिपदाच्या सहीने तो सभागृहात बसला होता. हाही एक पदर समजा. दुसरी गोष्ट, त्याचं सगळंच छापलं गेलं असं नाही. आणीबाणी उठल्यावर 1977 मध्ये त्याने त्या काळातल्या चित्रांचं पुस्तक काढलं, त्यात सेन्सॉरने अडवलेली चित्रंही आहेत. आणि त्याच काळात, ऑगस्ट 1975 मध्ये, शंकर यांनी आपलं 'शंकर्स वीकली' बंद केलं. म्हणजे एक दार उघडं राहिलं म्हणून सगळी उघडी होती असं समजू नका.

आता मला ज्यासाठी हे चित्र जास्त महत्त्वाचं वाटतं त्या गोष्टीकडे येतो. वाक्य पुन्हा वाचा. "त्यांना म्हणावं थांबा." त्यांना म्हणजे कुणाला? वटहुकमांना? जसे दिवाणखान्यात पाहुणे येऊन बसलेत तसे वटहुकूम रांग लावून बसलेत? की वटहुकूम पाठवणाऱ्यांना? दोन्ही अर्थ होतात. आणि पाठवणारं कोण ते चित्रात नाही. दाराच्या पलीकडे कोण बसलंय ते अबूने काढलेलं नाही. सगळ्यांना माहीत होतं. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतो, सुप्रीम कोर्टाने 1974 मध्ये शमशेर सिंग खटल्यात ते स्वच्छ सांगितलं होतं. मग चित्रातला हा उघडा म्हातारा नेमका कोण आहे? देशातली सगळ्यात मोठी खुर्ची आणि देशातला सगळ्यात मोठा शिक्का मारणारा कारकून. त्याच्या हातात एकच अधिकार उरलाय. अंघोळ पुरी होईपर्यंत पुढच्या कागदाला थांबवायचा. आणि तोही तो विनंतीच्या सुरात वापरतो. सगळ्या आणीबाणीत राष्ट्रपतीने दाखवलेला एवढाच काय तो विरोध, असं चित्र म्हणतं. माझ्या मते खरा डंख इथे आहे, उघड्या अंगात नाही. ज्यांनी उघडं अंग बघून हसायचं थांबवलं नाही त्यांना तो लागला नाही.

आणि दार बंदच राहिलं म्हणून कदाचित चित्र आपल्यापर्यंत पोचलं. टबातल्या माणसाच्या जागी दारापलीकडच्या बाईला बसवून बघा. शक्य होतं का? व्यंगचित्र बघताना कोण काढलाय हे बघतोच आपण. कोण काढलेला नाही हे पण बघत चला.

इथे माझं भाषण संपायला हवं होतं. पण पोराने माझी पंचाईत केली. तो म्हणाला, "सर, त्या टबातल्या सहीनं फकस्त वाईटच कागद निघाले का?" मी म्हटलं, का रे? तर म्हणाला, आज्जा सालगडी होता. बापाच्या लग्नाला मालकाकडून उचल घेतली होती. ती फिटेपर्यंत दुसरीकडे कामाला जायचं नाही. उचल कधी फिटलीच नाही.

मी गप्प झालो. कारण उत्तर मला माहीत होतं आणि मी ते सोयीने वगळलं होतं. 25 ऑक्टोबर 1975 ला एक वटहुकूम लागू झाला. वेठबिगारी नष्ट करणारा. वेठबिगार मोकळा, त्याच्यावरचं त्या मुदतीचं कर्ज रद्द, ते वसूल करायला कोर्टात जाता येणार नाही. 1976 मध्ये संसदेने त्याचा कायदा केला, तो आजही आहे. त्याच्या आधी महिनाभर, सप्टेंबरमध्ये, बाईला आणि पुरुषाला सारख्या कामाला सारखी मजुरी देण्याचा वटहुकूम निघाला होता. सही त्याच हाताची. आणि चित्र खरं मानलं तर टबही तोच.

मग आता हसायचं की नाही? 'इंडियन एक्स्प्रेस' वाचणाऱ्याला वटहुकूम म्हटल्यावर गळ्यावरचा हात दिसत होता. सालगड्याच्या घरात तो कागद पोचला असता तर गळ्यावरचा हात निघाला असता. पोचला नाही ही वेगळी गोष्ट. आज्जाला त्याचा पत्ता लागला तो दहाबारा वर्षांनी, कुणीतरी शिबिरात सांगितलं तेव्हा. पोराच्या बोलण्यातला उपरोध बघा: पेपरांचे वटहुकूम दोन दिवसांत देशभर लागू झाले, वेठीचा वटहुकूम परभणीला दहा वर्षं चालत येत होता. अबूच्या चित्रात "थांबा" म्हणून राष्ट्रपती सांगतो. ह्या कागदाला न सांगताच थांबवलं गेलं.

म्हणून चित्र खोटं ठरतं असं मी म्हणत नाही. चित्र कागदात काय लिहिलंय यावर बोलतच नाही, तो कागद कसा निघतो यावर बोलतं. न वाचता चांगल्या कागदावर सही करणारा हात न वाचता वाईटावरही करतो. एवढं ते सांगतं. त्यापलीकडे चित्राकडून मागू नका. व्यंगचित्र एका अंगाने बोलतं, दोन्ही अंगाने बोललं की ते अग्रलेख होतं.

पोराने मग दुसरा दगड टाकला. "आन गोगलगाईचं चित्र?" सगळी खोली ताठ झाली. तुम्हाला माहीत आहे. शंकर यांचं, 28 ऑगस्ट 1949 चं. घटना नावाची गोगलगाय, तिच्यावर बाबासाहेब बसलेत, हातात चाबूक. मागे नेहरू, त्यांच्याही हातात चाबूक. अकरावीच्या पुस्तकात ते होतं, 2012 मध्ये त्यावरून संसदेत गदारोळ झाला आणि ते काढलं गेलं.

मी त्याला म्हटलं, आत्ता शिकलास तेच प्रश्न विचार. तारीख कोणती? घटनेचं काम लांबत चाललंय अशी कुरकूर होती तेव्हाची. बोट कुणाकडे? काढणाऱ्याच्या मनात गोगलगाय, म्हणजे संथपणा. इतकं मानायला मला अडचण नाही. पण मग मगाशी शिकलेला दुसरा प्रश्न विचार, बघणारा कोण? ज्याच्या आज्ज्याच्या पाठीवर खरोखर चाबूक पडलाय तो गोगलगाय बघेल की चाबूक बघेल? बामणाच्या हातातला चाबूक आणि पुढे बाबासाहेब, हे दोन आकडे त्याच्या डोळ्यात आपोआप बेरीज होतात. "तुम्हाला विनोद कळत नाही" असं आपल्याला ऐकवलं गेलं. कळतो. पदर कळतात म्हणूनच तो पदर कळला जो काढणाऱ्याला आणि छापणाऱ्याला दिसला नव्हता. मात्र पुण्यात प्राध्यापकाच्या खोलीची मोडतोड झाली ती मला तेव्हाही पटली नाही, आज पटत नाही. ज्याला चित्र वाचता येतं त्याने वाचून दाखवावं. काच फोडल्यावर वाचलेलं कुणी ऐकत नाही.

यावर इथल्या काहींचं माझ्याशी जमणार नाही, ठाऊक आहे. भांडू चहाच्या वेळी.

शेवटी पोराने झेरॉक्स भिंतीवरून काढून जवळ धरली आणि बराच वेळ टबाकडे बघत राहिला. मी विचारलं, आता काय दिसतंय? म्हणाला, "पाणी, सर. आपल्या होस्टेलात एक बादली मिळती, तीबी रांगेत. ह्यानं किती बादल्या वतल्या असतील?" अबूने हे मनात धरून काढलं असेल असं मला वाटत नाही. पण ते चित्रात आहे. मी मोजायला सांगितलं. त्याने आठ म्हटलं, मागून कुणी बारा म्हटलं, आणि वर्ग तिथेच फुटला.